मदत हवी आहे: पगारवाढीच्या बैठकीतलं भाषण, महागाईचा हिशोब कुठल्या रकमेवर मांडू?

आमच्या कारखान्याचा तीन वर्षांचा वेतन करार डिसेंबर 2024 ला संपला. नोटीस आणि मागणीपत्र दिलेलं आहे. पुढच्या बैठकीत युनियनतर्फे सुरुवातीचं भाषण मला करायचंय, मिळणार जेमतेम पाच मिनिटं. आमचा महागाई भत्ता ठोक आहे, निर्देशांकाला जोडलेला नाही. खरं दुखणं तेच.

औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक (2016=100) डिसेंबर 2021 ला 125.4 होता, डिसेंबर 2024 ला 143.7. म्हणजे साधारण 14.6 टक्के वाढ. तेव्हा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000 असलेल्या कामगाराला नुसतं जागेवर राहायला सुमारे 20,600 हवेत. प्रत्यक्षात मिळतात 19,200. तूट 1,400 ची, आणि खरी वाढ त्यानंतर सुरू होते.

व्यवस्थापन म्हणतं, करारात एकूण 5,000 दिले, महागाई केव्हाच भरून निघाली. पण त्यातले 3,800 घरभाडे, प्रवास अशा भत्त्यांत गेले. त्यांवर ग्रॅच्युइटी धरत नाहीत. तरी पैसे हातात येतात, हे नाकारून कसं चालेल?

किराणा, शाळेची फी, घरभाड्याच्या पावत्या सहकाऱ्यांकडून गोळा केल्या, पण ‘प्रत्येकाचा खर्च वेगळा’ म्हणून त्या आधीच बाजूला सारल्या गेल्या. त्यामुळे भाषण निर्देशांकावरच उभं करायचंय. संपाची भाषा सध्या नको, असं कमिटीत ठरलंय.

ज्यांनी असे करार केलेत त्यांना विचारतो: तूट फक्त मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर दाखवू, की एकूण पगारावर हिशोब मांडून भत्त्यांचा मुद्दा वेगळा काढू?