मदत हवी आहे: ३४ डॉलर कमावले, त्यातले ११ अडकले

शेताकडची (दारव्हा): एका साइटवर मराठी वाक्यं वाचून रेकॉर्ड करायचं काम केलं. सोयाबीन काढणीनंतर रोज रात्री, घरातले झोपले की पंखा बंद करून बसायची. ३४ डॉलर जमले. काढायची मर्यादा कमीत कमी २०, म्हणून २० ची विनंती टाकली. वर ३ डॉलर शुल्क कापलं. ११ उरले आणि प्रोजेक्टच संपला. हे ११ कसे काढू? बियाण्याच्या उधारीला तेवढाच हातभार लागला असता.

राजू_वणी: माह्या बायकोचे बी असेच पैसे कापले ताई. बँकेत मिनिमम बॅलन्स नव्हता म्हणून. जनधन खातं उघडा, त्यात शिल्लक ठेवाच लागत नाही.

शेताकडची: भाऊ, बँकेचं नाही, साइटवरच अडकलेत.

अमरावतीकर: घाई केली तुम्ही. १०० होईपर्यंत हातच लावायचा नाही, शुल्क एकदाच जातं.

जुना_ट्रान्सक्रायबर: शुल्काचं बरोबर आहे, २० वर ३ म्हणजे १५ टक्के आणि ६० वर फक्त ५. पण प्रोजेक्ट ३४ वरच संपला, १०० ची वाट पाहिली असती तरी ताईंचे १०० कधी झालेच नसते. २० ही किमान रक्कम आहे, तेवढेच काढा असं कोणी म्हणत नाही. ३१ ची विनंती टाकली असती तर ३ शुल्क जाऊन खातं शून्यावर आलं असतं. आता शुल्क वरून कापतात म्हणून २० काढायला खात्यात २३ हवेत, म्हणजे अजून १२ कमवावे लागतील.

मी शुल्काच्या वीसपट जमले की सगळे काढतो. मात्र रोज चाळीस मिळणारी वाक्यं दहावर आली की प्रोजेक्ट आटतोय समजायचं. तेव्हा मर्यादा पार असेल तर त्याच दिवशी सगळं काढायचं, शुल्क जास्त वाटलं तरी. आणखी एक, डॉलर तुमच्या बँकेत रुपयात बदलत असतील तर पंचवीस हजारापर्यंत किमान ४५ रुपये जीएसटी जातोच. लहान रकमेला तोही बोचतो.

शेताकडची: म्हणूनच हिशेबापेक्षा कमी आले होते! शेवटच्या आठवड्यात वाक्यं कमी झालीच होती, पण मला वाटलं नेटवर्क खराब आहे.

जुना_ट्रान्सक्रायबर: साइटच्या नियमांत खातं बंद करताना उरलेली रक्कम देतात का ते बघा, तसं असेल तर लेखी मागा. किती महिने काम नाही केलं तर शिल्लक जप्त होते, तेही तिथेच असतं. ती तारीख आधी लिहून ठेवा.

राजू_वणी: टेलिग्रामवर एक जण ५०० रुपये भरले की अडकलेले सोडवून देतो म्हणते. इचारू का?

जुना_ट्रान्सक्रायबर: नका भाऊ. पैसे काढायला आधी पैसे मागतो तो फसवणारा. शुल्क नेहमी शिल्लकेतूनच कापलं जातं.

शेताकडची: नियम सापडले. १२ महिने काम नाही केलं तर शिल्लक जाते. खातं बंद करण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. आज ईमेल टाकते, उत्तर आलं की इथेच सांगते.