आधी पर्यायाचं अक्षर, मग एका ओळीत कारण : तुमचे अनुभव लिहा

गणितवेडी : बुद्धिमत्ता चाचणीच्या प्रश्नांचे फोटो एकामागोमाग येतात, तेव्हा मी आधी अक्षर लिहिते आणि पुढे थोडक्यात कारण. सध्या घड्याळाच्या प्रतिमांचे प्रश्न खूप येतायत. तुम्ही कसं करता?

खडू_फळा : अक्षर आधीच हवं. विचारणाऱ्याने स्वतः काहीतरी काढलेलं असतं, त्याला पहिल्यांदा ते ताडून बघायचं असतं. पण नुसतं अक्षर मी कधीच देत नाही, त्याला उत्तर चिकटवतो : ‘क, ८:२०. आरसा आहे, ११:६० मधून ३:४० वजा.’ प्रश्नपत्रिकेचा संच बदलला की पर्यायांची जागा बदलते; ८:२० मात्र तेच राहतं. आणि ज्या फोटोचं उत्तर, त्याच फोटोला रिप्लाय. नाहीतर एक फोटो उशिरा पोचला की पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकतात.

रात्रअभ्यास : पाण्यातल्या प्रतिमेला १८:३० मधून वजा करायचं. ३:४० चं १४:५०, म्हणजे २:५०. कारण म्हणून एवढं लिहिलं की झालं!

खडू_फळा : पर्याय आकड्यांत असतील तर हे चालतं, अपेक्षित उत्तर तेच असतं. पर्याय चित्रांत असले की घोळ होतो. ३:४० ला तासकाटा १२ पासून ११० अंशांवर असतो. वरचं खाली केलं की तो ७० अंशांवर येतो, म्हणजे २ च्या जवळ. खऱ्या २:५० ला तो ८५ अंशांवर, ३ ला टेकत आलेला असतो. म्हणून तिथे मी लिहितो : ‘ड, मिनिटकाटा १० वर, तासकाटा २ च्या किंचित पुढे.’ आरशात ही अडचण येत नाही, तिथे दोन्ही काटे जुळतात.

रात्रअभ्यास : मग काटे नीट काढलेलेच नसतील तर कुठला पर्याय धरायचा?

खडू_फळा : तिथे मीही अडतो. तेव्हा अक्षराच्या आधी ‘बहुतेक’ लिहितो.

एक_आई : माझी मुलगी पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढते आणि उत्तरं भलतीच येतात. फोन बदलावा का?

गणितवेडी : फोन नको बदलू गं. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो उलटा साठवतात. प्रश्नाचा मजकूर सरळ वाचता येतोय का ते बघ. अक्षरं उलटी दिसली तर घड्याळही उलटंच आलंय, आणि उत्तर देणारा आधीच उलटलेल्या चित्राची प्रतिमा काढत बसतो. मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांग.

पेन्सिल : मला अक्षर आधी देणं पटत नाही. माझी मुलं ‘क’ वाचतात आणि लगेच पुढचा फोटो टाकतात. मी कारण आधी लिहिते, अक्षर शेवटी.

खडू_फळा : ओळीने वीस प्रश्न आले की ते शेवटचं अक्षर शोधत बसावं लागतं हो.

पेन्सिल : शोधू देत की. शोधताना कारण वाचलं जातं.