बी.कॉम. नंतर ईआरपी: फंक्शनल की टेक्निकल?

सांगलीकर_बीकॉम
टी.वाय.ला आहे. टॅली येतं, एका सी.ए.कडे जीएसटीचं काम बघतो. पुण्यातला एक क्लासवाला फोनवर म्हणाला, "सॅप या ईआरपीतलं अकाउंट्सचं मॉड्यूल, फायको कर, फंक्शनल आहे, कोडिंगची भानगड नाही." मावसभाऊ म्हणतो टेक्निकलच कर, फंक्शनलवाले नुसत्या मीटिंगा करत बसतात. दोघांच्या कामात नेमका फरक काय, एखादं उदाहरण घेऊन कुणी सांगेल का? क्लास कुठला लावू हे विचारत नाहीये.

बिनधास्त_७७
डोळे झाकून फंक्शनल. SPRO मध्ये जाऊन सेटिंग करायची, युजरला दाखवायचं, झालं काम. कोडचं तोंडही बघावं लागत नाही. अबाप, म्हणजे सॅपचं कोडिंग, हे इंजिनिअर लोकांचं काम, कॉमर्सवाल्याला झेपत नाही. पगारही फंक्शनललाच जास्त.

मंथएंड_ताई
@सांगलीकर, मी फायकोत आहे. तुला कळेल असं एक काम सांगते.

एका कारखान्याने १०० नग मागवले, ५०० रुपयांनी. माल गोदामात आला की स्टोअरवाला MIGO करतो आणि सिस्टीम आपोआप एंट्री टाकते: स्टॉक डेबिट ५०,०००, जीआर-आयआर खातं क्रेडिट ५०,०००. जीआर-आयआर म्हणजे माल आला पण बिल यायचंय, अशी रक्कम धरून ठेवणारं मधलं खातं. पार्टीचं खातं अजून हललेलंच नाही, कारण बिल आलेलं नाही. मग २० नग खराब निघाले, परत पाठवले. जीआर-आयआरमध्ये क्रेडिट उरलं ४०,०००. पुढे पार्टीने फक्त ५० नगांचं बिल दिलं. त्या बिलाची MIRO मध्ये नोंद केली की जीआर-आयआर २५,००० ने डेबिट होतं, जीएसटी इनपुटला जातो आणि पार्टी क्रेडिट होते. महिनाअखेरीला जीआर-आयआरमध्ये १५,००० क्रेडिट. म्हणजे ३० नग आलेत, बिल यायचंय.

आता हे 'आपोआप' कुणी ठरवलं? कुठल्या मालाला कुठलं स्टॉक खातं लागेल, जीआर-आयआर कुठलं, हे OBYC मध्ये बांधून ठेवलेलं असतं. खरेदीच्या मॉड्यूलवाल्याबरोबर बसून ते बांधणं, टेस्ट करणं, अकाउंट्सच्या माणसाकडून मान्य करून घेणं हे फंक्शनल काम. मीटिंगा होतात हे खरंच. पण त्या मीटिंगमध्ये डेबिट-क्रेडिट समोरच्या चीफ अकाउंटंटपेक्षा हळू डोक्यात येत असेल तर तो दहा मिनिटांत ओळखतो.

नंतर तेच साहेब म्हणतात, "माल आलाय पण बिल नाही, अशांची यादी हवी, किती दिवस झाले त्यासकट, आमच्या नमुन्यात." तयार रिपोर्ट त्या नमुन्यात बसत नाही. मग मी स्पेक, म्हणजे नेमकं काय हवं त्याचा लेखी तपशील, लिहिते आणि ते अबापवाल्याकडे जातं. खरी गंमत तिथून सुरू होते.

अबापी_नाशिक
ताईंची गंमत म्हणजे आमची रात्रपाळी. 😄 पण उदाहरण छान आहे, तेच पुढे नेतो.

ही माहिती EKBE नावाच्या टेबलमध्ये असते. स्पेकमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की "आलेले नग वजा बिल झालेले नग". नवा पोरगा साधारण असं लिहितो:

```
SELECT ebeln, ebelp, vgabe, SUM( menge ) AS qty
  FROM ekbe
  WHERE vgabe IN ( '1', '2' )
  GROUP BY ebeln, ebelp, vgabe
  INTO TABLE @DATA(lt_hist).
```

VGABE मध्ये 1 म्हणजे माल आला, 2 म्हणजे बिल. वाचायला सगळं बरोबर. पण परत पाठवलेले २० नगसुद्धा त्या टेबलमध्ये 1 खालीच, आणि अधिक आकड्यातच बसलेले असतात. ते वजा करायचे हे SHKZG या रकान्यावरून कळतं: S म्हणजे डेबिट, H म्हणजे क्रेडिट. तो रकाना पाहिलाच नाही तर १०० अधिक २० असे १२० नग होतात, त्यातून ५० गेले की ७०. रिपोर्ट म्हणतो ३५,००० बाकी, खातं म्हणतं १५,०००. प्रोग्राम कुठेही बंद पडत नाही, म्हणून चूक दिसतही नाही.

@बिनधास्त_७७, कॉमर्सवाल्याला झेपत नाही हे काही पटत नाही. मी स्वतः बी.एस्सी. केमिस्ट्री. S आणि H चा अर्थ बी.कॉम.च्या पोराला माझ्याआधी कळेल.

मंथएंड_ताई
आणि ही चूक पकडायची माझी पद्धत साधी आहे. रिपोर्टची बेरीज घ्यायची, FBL3N मध्ये जीआर-आयआर खात्याची त्याच तारखेची बाकी काढायची, दोन्ही ताडून बघायच्या. स्पेकमध्येही तसंच लिहायचं: "परतीचा माल, रद्द केलेली एंट्री, क्रेडिट नोट वजा धरावी आणि एकूण रक्कम अमुक खात्याशी जुळावी." त्यामुळे कोडचं तोंड बघायचं नाही हे अर्धंच खरं. मी कोड लिहीत नाही, पण SE16N उघडून टेबल बघते, डीबगरमध्ये आकडा कुठे बिघडला तेही शोधते. नाहीतर अबापवाला म्हणेल "डेटाच तसा आहे" आणि मी मान डोलावेन.

गजानन_हार्डवेअर
आमचं कुडाळला हार्डवेअरचं दुकान आहे, तीन माणसं. टॅली सोडून ईआरपी घ्यावं का? फंक्शनल स्वस्त पडेल की टेक्निकल?

अबापी_नाशिक
काका, इथे नोकरीचं चाललंय. तीन माणसांना टॅली पुरे, स्टॉक त्यातच नीट ठेवा.

सांगलीकर_बीकॉम
उदाहरण समजलं. पण फ्रेशरला थेट फायको कन्सल्टंट घेतात का? आणि पुढे वाट कशी जाते?

मंथएंड_ताई
थेट क्वचित. कन्सल्टंटकडून क्लायंटची अपेक्षा असते की त्याने महिनाअखेर स्वतः जगलेली असावी. म्हणून बरेच जण आधी सॅप वापरणाऱ्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये किंवा शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये बिलं पास करतात, तिथला की-युजर होतात, मग सपोर्ट प्रोजेक्ट, मग नवं इम्प्लिमेंटेशन. वाट लांबची आहे, पण तुझं शिक्षण वाया जात नाही. क्लासवाला 'तीन वर्षांचा अनुभव दाखवून देतो' म्हणाला तर फोन ठेव. पीएफच्या नोंदीत नोकऱ्या दिसतात, पडताळणीत उघडं पडतं आणि हातची ऑफर जाते.

अबापी_नाशिक
आमच्याकडे फ्रेशरला दार थोडं मोठं, मोठ्या आयटी कंपन्या ट्रेनिंग देऊन घेतात. मात्र बऱ्याच ठिकाणी बी.ई., बी.सी.ए.चीच अट असते, बी.कॉम.चा अर्ज चाळणीतच अडकतो. शिवाय नुसत्या रिपोर्टवर आता भागत नाही. सॅपच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा, नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, कंपन्या नव्या एस/फोर हानावर जाताहेत, तिथे सीडीएस व्ह्यू, फिओरी हे लागतंच. पगाराचं म्हणाल तर पद बघून नाही, प्रोजेक्ट बघून ठरतो.

बिनधास्त_७७
माझ्या ओळखीत तरी फंक्शनलवाल्यांनाच जास्त आहे. असो.

सांगलीकर_बीकॉम
ताई, एक शंका. त्या १५,००० साठी ३१ मार्चला वेगळी प्रोव्हिजन टाकायची ना? आमच्या सी.ए.कडे टॅलीत तशी टाकतो.

मंथएंड_ताई
नाही, मालासाठी नको. माल आला तेव्हाच स्टॉक डेबिट आणि जीआर-आयआर क्रेडिट झालंय, तीच देणी. पुन्हा टाकलीस तर दोनदा धरली जाईल. ताळेबंदात ती योग्य शीर्षकाखाली दाखवायला F.19 चालवतात. सेवेच्या कामात मात्र पीओ नसेल, किंवा काम झाल्याची एंट्रीच कुणी केली नसेल, तर जीआर-आयआरमध्ये काहीच येत नाही. तिथे तुझी प्रोव्हिजन लागणारच. मग ती पुढच्या महिन्यात उलटवायची कुणी, यावर आमच्याकडे दर महिन्याला वाद असतो.