मुलीला मैत्रिणीकडे रात्री राहायला पाठवताना समोरच्या आईला किती सांगायचं, किती विचारायचं?

शुभदा (कोथरूड): माझी मुलगी आठ वर्षांची आहे. वर्गमैत्रिणीच्या आईने तिला शनिवारी रात्री त्यांच्या बाणेरच्या घरी राहायला बोलावलंय. त्यांची माझी ओळख पालकसभेपुरती. मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, दोन वर्षांपूर्वी चिक्कीच्या एका तुकड्याने ओठ सुजून अंगभर पित्त उठलं होतं. मी एक लांबलचक मेसेज लिहिलाय: खाणं, औषध, नंबर, घरी कोण कोण असतं, सगळं. नवरा म्हणतो, एवढं विचारलंस तर परत बोलावणार नाहीत. पाठवू का?

मंदाकाकू: अगं, ज्यांनी प्रेमाने बोलावलं त्यांना प्रश्नपत्रिका पाठवायची? आम्ही मे महिना मे महिना आत्याकडे राहायचो, कोणी काही विचारलं नाही. एक फोन कर, "वहिनी, तिला दाणे चालत नाहीत" एवढं सांग, झालं. लांब मेसेज कोणी वाचत नाही, हे मी खात्रीने सांगते. आणि थोडं थोडं दाण्याचं कूट पोटात गेलं की अंगाला सवयही होते.

नीलिमा (बालरोग विभागात परिचारिका): काकू, फोन करावा हे बरोबर. पण सवयीचं कृपया कोणी घरी करून पाहू नका. अ‍ॅलर्जीतज्ज्ञ काही मुलांना मोजून मापून, देखरेखीखाली तसं देतात. ते वेगळं आणि परक्या घरी खिचडीतून पोटात जाणं वेगळं.

शुभदाताई, "दाणे चालत नाहीत" हे वाक्यच पुरत नाही. ऐकणाऱ्या बाईला वाटतं, मुलीला आवडत नाहीत किंवा खोकला होतो. ती चिवड्यातले दाणे वेचून बाजूला काढेल आणि निश्चिंत होईल. आपल्या स्वयंपाकात दाणा दिसत कुठे असतो? काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, लसणाच्या चटणीत कूट. डोशाबरोबरच्या पांढऱ्या चटणीतही पुष्कळदा शेंगदाणे वाटलेले असतात. शिवाय हल्ली बऱ्याच घरांत लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल असतं. रिफाइंड तेलातून दाण्याचं प्रथिन जवळजवळ निघून गेलेलं असतं, घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. म्हणून काय खाऊ नये याची यादी देण्यापेक्षा काय खायला द्यायचं ते सांगा. "वरणभात, तूप, पोळी, दूध. फोडणी सूर्यफुलाच्या तेलाची. कुटाच्या डब्यातला चमचा आणि खिचडीचं उलथनं तिच्या पानाला नको." एवढं कुठल्याही घरी जमतं.

जिनल (चिंचवड): आमचं वेगळंच आहे. आम्ही जैन, मुलगा सूर्यास्तानंतर जेवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्याला मित्राकडे सोडलं, कांदा-लसूण-बटाट्याचं सगळं सांगितलं, त्यांनी हौसेने जैन पावभाजीही केली. पण ताटं वाढली साडेआठला. त्या दिवसांत पुण्यात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो. लेकरू पाणी पिऊन झोपलं आणि त्या माउलीला रात्रभर अपराधी वाटलं. तेव्हापासून मी पदार्थांच्या आधी जेवणाची वेळ सांगते आणि शक्यतो जेवूनच सोडते.

सचिन_नाशिक: आठ वर्षांच्या मुलीला एकटीला सहलीला पाठवूच नका. शाळावाले कागदावर सही घेतात आणि हात वर करतात. आमच्या पुतणीच्या वेळी बसमध्ये प्रथमोपचाराची पेटीसुद्धा नव्हती.

शुभदा: सचिनदादा, सहल नाही, मैत्रिणीच्या घरी एक रात्र.

सचिन_नाशिक: बरं, घाईत वाचलं. तरी मत तेच. आधी दोन-तीनदा दुपारी चार ते सात खेळायला पाठवा. ते घर कसं चालतं, मूल तिथे मोकळेपणाने पाणी, बाथरूम मागतं का, ते कळतं. रात्र नंतर.

नीलिमा: हे मला पटतं. ओळख पालकसभेपुरतीच असेल तर पहिल्या वेळी जेवून नऊपर्यंत थांबवा आणि घरी आणा.

पाठवणारच असाल तर औषधाचंही लिहून द्या. दाण्याची रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते. नुसतं पित्त उठलं तर डॉक्टरांनी दिलेलं सिरप आणि तुम्हाला फोन. पण आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं, तर सिरपवर विसंबून बसायचं नाही. ते श्वासाचा त्रास थांबवत नाही. जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं किंवा १०८ ला फोन करायचा, मग तुम्हाला. बरं वाटलं तरी जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. त्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, तिच्यासाठी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन जवळ ठेवायला हवं का. हवं म्हणाले आणि त्या घरी ते द्यायला कोणी तयार नसेल, तर रात्र राहायचा विषय तिथेच संपतो.

तापाच्या औषधाची बाटलीही स्वतःची द्या. पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये ५ मिलीत कुठे १२० मिग्रॅ असतं, कुठे २५०. "एक चमचा द्या" म्हटलं आणि त्यांच्या घरची बाटली दुसरी निघाली, तर डोस दुप्पट होतो.

रोहित_एकटा_बाबा: खाण्याचं सगळे बोलताय. मी पहिला प्रश्न विचारतो, रात्री घरात कोण कोण असणार आणि मुली कुठल्या खोलीत झोपणार. पाहुणे, काका, ड्रायव्हर, कोणीही. राग आला तर येऊ दे.

मंदाकाकू: हेच मला खटकतं. सासरा किंवा दीर घरात आहे म्हणून संशय? मी असते तर बोलावणंच मागे घेतलं असतं.

रोहित_एकटा_बाबा: काकू, माझ्याकडे मुली राहायला येतात तेव्हा त्यांच्या आया मला हेच विचारतात. मी सरळ उत्तर देतो. ज्याला उत्तर द्यायला जड जातं, त्याच्याकडे मी पाठवत नाही.

नीलिमा: मीही विचारते, पण आधी आपल्याकडचं सांगून. "आमच्याकडे आजी असतात, मुली त्यांच्या खोलीत झोपतात. तुमच्याकडे कशी सोय असते?" काकूंना तेही आवडणार नाही कदाचित.

मंदाकाकू: नाहीच आवडणार. पण उत्तर देईन.

शुभदा: मेसेज छाटलाय, बघा: "शनिवारी ५ ला मी स्वतः सोडते, रविवारी १० ला बाबा न्यायला येतील, गेटवर त्यांचं नाव देऊन ठेवाल का? जेवण वरणभात-पोळी, फोडणी सूर्यफुलाच्या तेलाची, खाऊ मी देते. दाण्याने तिचे ओठ सुजले होते, काय करायचं त्याचा कागद औषधाच्या पिशवीत आहे. रात्री कितीही वाजता रडली तरी फोन करा, आम्ही येतो." खाली आमचे दोघांचे नंबर आणि औंधला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा.

नीलिमा: छान. तो कागद त्यांच्या फ्रिजवर लावायला सांगा. मेसेज फक्त त्या आईच्या फोनवर असेल आणि रात्री जाग आजीला येईल. आणि तुमचा फोन रात्री आपोआप सायलेंट होत असेल तर त्यांचा नंबर त्यातून वगळा, व्हॉट्सअ‍ॅप कॉल नको, साधा कॉल करायला सांगा.

शुभदा: फोन केला आत्ता. त्यांच्याकडे घाण्याचंच तेल आहे, त्या म्हणाल्या, शनिवारी सगळ्यांचाच स्वयंपाक दुसऱ्या तेलात करते. झोपायच्या खोलीचं मात्र विचारायला जीभ रेटली नाही. इंजेक्शनचं डॉक्टरांना उद्या विचारते. तोपर्यंत शनिवारी रात्री नऊला आणायचं ठरवलंय.

रोहित_एकटा_बाबा: सोडायला जाल तेव्हा पाच मिनिटं आत बसा आणि तेव्हा विचारा.