समजायला लागण्याआधीच

"आमची दत्तक मुलगी अडीच वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, समजायला लागली की सांगू. नेमकं कधी सांगावं?"

समजायला लागण्याआधीच. आमची लेक दहा महिन्यांची असताना घरी आली. तिला झोपवताना मी रोज सांगायचे, "तू एका बाईच्या पोटात वाढलीस, मग संस्थेतल्या ताईंनी सांभाळलं, मग आम्ही टॅक्सीने तुला मुलुंडला आणलं." तिला काय कळणार! सराव माझा चालला होता, सुरुवातीला आवाज कापायचा. पाचव्या वर्षी शेजारणीचं पोट पाहून तिने विचारलं, "मी तुझ्या पोटात होते?" मी नाही म्हटल्यावर "हां, त्या बाईच्या," म्हणाली आणि टॅक्सीचा रंग विचारला. खरा प्रश्न सात-आठच्या सुमाराला येतो: "तिने मला का दिलं?" तेव्हा "प्रेम होतं म्हणून" असं सांगू नका. प्रेम असलं की सोडून देतात, असा अर्थ मूल काढतं. "तिला कुठलंच बाळ सांभाळणं जमत नव्हतं, तुझं काही चुकलं नव्हतं," एवढं पुरतं.

नातेवाइकांना दत्तक घेतल्याचं सांगितलं, पण जन्मदात्रीबद्दल कागदांत जे होतं ते आत्यालाही नाही. ते आधी लेकीला कळायला हवं. माझ्या सासूबाईंना मात्र गोष्टीतलं टॅक्सीचं वाक्य सांगायला दिलं, आता त्या ते माझ्याहून रंगवून सांगतात.