मदत हवी आहे: कबड्डीच्या गुणपत्रिकेत बोनस दोनदा धरलाय का?

भावांनो, काल आमच्या परभणीकडच्या गावात फायनल झाली, मी कागद लिहायला बसलेलो अन् आता डोकं फिरायलंय. आमचे टच पॉइंट 14, बोनस 4, पकडीचे 8 अन् समोरच्यावर दोन लोण चढवले त्याचे 4, म्हणजे बेरीज 30 होतीय. पण फळ्यावर 34 लागले! मला वाटायलंय की रेडच्या रकान्यात 18 लिहिले त्यात बोनस आधीच धरलेला होता अन् खाली बोनसचे 4 परत मिळवले. समोरच्यांना एकही बोनस नव्हता, त्यांचे 31 तसेच राहतात, मंग आम्ही जिंकलो का हरलो?

दुसरं, शेवटच्या रेडला त्यांचे दोघंच उरलेले, आमच्या पोरानं दोघांनाही शिवलं. संघाला 2 अन् लोणचे 2 असे 4 दिले, ते बरोबरच आहे, पण पोरगं म्हणायलंय चारही माझ्या नावावर लिहा. लोणचे दोन तर संघाचे असतात ना? वरून बोनस लाइन ओलांडली म्हणून एक अजून मागायलंय, समोर सहा गडी नसताना बोनस कुठला आलाय. कागद आज जमा करायचाय, पंचगिरी केलेलं कुणी असेल तर सांगा.