मदत हवी आहे: मुख्य कार्यालयाचं भाडं आणि पगार शाखांवर कसे वाटायचे?

आमचं पंप आणि मोटारींचं दुकान आहे. मुख्य कार्यालय पुण्यात, शाखा सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव. पुण्याचं भाडं महिना ६०,००० आणि पगार १,८०,०००. आजवर विक्रीच्या प्रमाणात वाटत आलो, त्यामुळे कोल्हापूरवर निम्मा, म्हणजे १,२०,००० बसतो. तिथले मॅनेजर म्हणतात, "माझी चार मोठी गिऱ्हाइकं. बिलं साताऱ्याची जास्त, मग भार माझ्यावर का?" मला त्यांचं पटतं. पण दुसरा आधार कोणता घ्यावा?

खतावणी: विक्रीच बरी. ज्याला झेपतं त्याने उचलावं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतो.

जुना_मुनीम: झेपतं म्हणून वाटलं, तर जास्त विकणाऱ्यालाच दंड होतो. पुण्यातली माणसं कुणासाठी राबतात ते बघा. तिथे कोण काय करतं?

धागाकर्ता: हिशेब विभागाचा पगार १,२०,०००, खरेदीचा ६०,०००. जागा ४०० आणि २०० चौरस फूट. महिन्याची व्हाउचर सातारा ९००, कोल्हापूर ४५०, बेळगाव १५०. खरेदीच्या ऑर्डरी शंभर धरल्या तर कोल्हापूर ४५, सातारा ३५, बेळगाव २०.

जुना_मुनीम: मग आधी भाडं जागेप्रमाणे त्या दोन विभागांवर टाका, ४०,००० आणि २०,०००. हिशेब विभागाचे झाले १,६०,०००, ते व्हाउचरवर वाटा. खरेदीचे ८०,००० ऑर्डरींवर. साताऱ्याला १,२४,०००, कोल्हापूरला ८४,०००, बेळगावला ३२,००० येतील. प्रमाण वर्षाच्या सुरुवातीला ठरवा आणि वर्षभर तेच ठेवा, नाहीतर दर महिन्याला भांडण.

नोंद करताना भाडं खातं जमा करू नका. शाखा खाती नावे आणि 'शाखांना वाटलेला खर्च' हे वेगळं खातं जमा. भाडं खात्यात पूर्ण रक्कम राहिली की टीडीएसशी ताळा जमतो. शाखेत 'मुख्य कार्यालय खर्च' नावे, मुख्य कार्यालय जमा. दोन्ही नोंदी एकाच तारखेच्या हव्यात. मार्चची नोंद शाखेने एप्रिलमध्ये टाकली, की ३१ मार्चला दोन्हीकडची बाकी जुळत नाही.

अन्नपूर्णा: आमच्या हॉटेलात किचन आणि बँक्वेट एकाच इमारतीत आहेत. आम्ही फक्त चौरस फुटांवर वाटतो. चुकतंय का?

जुना_मुनीम: भाड्यापुरतं बरोबर. पगार मात्र जागेवर वाटू नका.

खतावणी: बेळगाव कर्नाटकात, म्हणजे जीएसटी नोंदणी वेगळी. मग पगारासकट सगळ्याचं बिल फाडावं लागणार.

जुना_मुनीम: बेळगावचा मुद्दा अगदी योग्य, नुसत्या जर्नल नोंदीने भागणार नाही. पण पगार धरलाच पाहिजे असं नाही. जुलै २०२३ च्या १९९ क्रमांकाच्या परिपत्रकात मुख्य कार्यालयाच्या कर्मचाऱ्यांचा पगार त्या मूल्यात घेणं बंधनकारक नाही असं म्हटलंय. सातारा आणि कोल्हापूर पुण्याच्याच नोंदणीत असतील तर तिथे बिलाचा प्रश्नच नाही.

धागाकर्ता: हो, एकाच नोंदणीत आहेत. पण पुण्याच्या भाड्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट? बेळगावचा वाटा आयएसडीमधून पाठवायचा का? १ एप्रिल २०२५ पासून ते सक्तीचं झालंय ना?

जुना_मुनीम: सामायिक सेवांना सक्तीचं आहे. पण पुण्याची जागा पुणेच वापरतं, मग ती सेवा सामायिक मानायची का, यावर आमच्याच दोन सीएंचं एकमत नाही. भाडेकरार दाखवून तुमच्या सीएंकडून लेखी घ्या.

धागाकर्ता: उद्याच करार घेऊन जातो. साताऱ्याच्या मॅनेजरांना १,२४,००० चा आकडा अजून सांगायचाय. आधी त्यांना व्हाउचरची फाईल दाखवेन.